अवकाशाचं वेड आणि पाठ्यपुस्तकाचा कंटाळा: बारा वर्षांच्या पोरीसाठी पुस्तकं कशी निवडली

आमची भाची वसमतला असते, सातवीत आहे, वय बारा. मागच्या दिवाळीत परभणीला आली आणि दारातूनच विचारलं, "मामा, औंढ्याजवळ ते लायगो की काय बांधायलेत, त्याच्यात कृष्णविवर दिसणार म्हणे, तर ते कसं काय? कृष्णविवरातून उजेडच बाहेर येत नसतो ना, मग दिसणार कामून?" लायगो म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभं राहणारं अवकाश-संशोधनाचं भलंमोठं यंत्र. प्रश्न एकदम बरोबर. आणि याच पोरीला सायन्सच्या घटक चाचणीत वीसपैकी नऊ. ताईचं म्हणणं, हिला अभ्यासाचं पुस्तक हातात दिलं की झोप येते, आणि मोबाइलवर ग्रहांचे व्हिडिओ लावले की रात्रीचे बारा वाजतात.

मग वर्षभर मी तिच्यासाठी पुस्तकं शोधली, काही चुकीची घेतली, काही बरोबर लागली. त्यातून जे हाती आलं ते क्रमाने सांगतो. पुस्तकांची लांबलचक यादी देणार नाही, यादी मिळवणं सोपं असतं. यादीतलं कोणतं, कधी आणि कुठल्या पानापासून हातात द्यायचं यातच सगळी गोम आहे.

आधी आठ दिवस फक्त प्रश्न लिहा

पहिली चूक मी हीच केली होती की "अवकाश आवडतं" एवढं ऐकून दुकानात गेलो आणि एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचा चित्रकोश उचलून आणला. पोरीने तो अर्ध्या तासात उलटून टाकला, चित्रं बघितली, आणि तो आजतागायत टीव्हीखाली पडून आहे. पुस्तक वाईट नव्हतं, पण त्यात तिचा एकही प्रश्न नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचे प्रश्न लिहीत गेलो, तिला न सांगता. आठ दिवसांत अकरा झाले. नीट बघितलं तर "अवकाश" या एका शब्दाखाली निरनिराळ्या आवडी असतात. काही पोरांना यंत्राचं वेड असतं, रॉकेट कसं उडतं, चांद्रयान कसं उतरलं, इंधन कुठून येतं. काहींना वर डोळ्यांनी दिसणारं आकाश हवं असतं, हा तारा कोणता, तो लाल का. काहींचं सगळं लक्ष परग्रहावरच्या जीवांवर. आणि काही पोरं आमच्या भाचीसारखी, ज्यांना काळ, गुरुत्वाकर्षण, कृष्णविवर, विश्वाच्या पलीकडे काय असले प्रश्न पडतात. अकरापैकी तिचे सात प्रश्न या शेवटच्या जातीचे निघाले. रॉकेटचा एकही नाही. आणि मी आणलेल्या चित्रकोशाची निम्मी पानं रॉकेटची होती!

यंत्रवाल्या पोराला कृष्णविवराचं पुस्तक दिलं की ते हवेत वाटतं, आणि कृष्णविवरवाल्या पोरीला रॉकेटचे टप्पे दिले की ते पुन्हा पाठ्यपुस्तक होतं. एवढं ओळखलं तरी पैसे वाचतात.

पाठ्यपुस्तकाशी भांडण मिटवायची एक छोटी युक्ती

बालभारतीच्या सायन्सच्या पुस्तकांत अवकाशाचे धडे कुठे आहेत बघा. सहावीतला 'विश्वाचे अंतरंग' शेवटी, सातवीतला 'तारकांच्या दुनियेत' शेवटी, आठवीतला 'ताऱ्यांची जीवनयात्रा' शेवटी, दहावीच्या पहिल्या भागातला 'अवकाश मोहिमा' तोही शेवटी. म्हणजे पोरीला जे आवडतं ते शाळेत पोहोचेपर्यंत मार्च उजाडतो, पोर्शन उरकायची घाई असते, आणि धडा दोन तासांत "महत्त्वाचे प्रश्न" लिहून संपतो.

तर हे चारही धडे एकत्र काढा. बालभारतीच्या साइटवरून पुस्तकांच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात, तेवढीच पानं झेरॉक्स करून एकत्र पिन मारा. झालं एक छोटं पुस्तक, मराठीतलं, बऱ्यापैकी तपासलेलं, आणि सातवीच्या पोरीला आठवीचा धडा आधी वाचताना जो माज येतो तो वेगळाच. एक पथ्य मात्र पाळायचं, धड्याखालचा स्वाध्याय कापून टाकायचा. प्रश्नाची उत्तरं लिहायची आहेत असं दिसलं की पोरगी पुन्हा शाळेत जाते. व्याख्या पाठ करून घेऊ नका, नुसतं वाचू द्या.

यातल्या आठवीच्या धड्यात तारा जन्मतो कसा आणि मरतो कसा हे आहे, आणि कृष्णविवराच्या आधी हे माहीत असलेलं बरं असतं. मोठा तारा शेवटी स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो हे डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम होतं.

दुकानात उभ्याउभ्या पुस्तक कसं तपासायचं

माझी पद्धत अशी आहे की पुस्तक मधूनच उघडायचं, पहिलं पान सगळेच चांगलं लिहितात. पोरीला एक पान हळू आवाजात वाचायला सांगायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मुडपायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मुडपली तर ते पुस्तक आत्ता नाही, दोन वर्षांनी. शून्य बोटं मुडपली तर तेही नको, तिला त्यातून नवीन काही मिळणार नाही.

यात मराठीची एक वेगळी भानगड आहे. दीर्घिका, तेजोमेघ, श्वेतबटू, प्रकाशवर्ष हे शब्द पोरांना अडतात, पण ते शब्दच नाहीत म्हणून पुस्तक सोपं असं समजू नका. शब्द वापरला आणि लगेच पुढच्या वाक्यात घरगुती भाषेत उलगडला तर पुस्तक चांगलं. तीन पानं दीर्घिका दीर्घिका चालू आहे आणि ती म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा घोळका हे कुठंच सांगितलं नाही, तर ते भाषांतर कोणीतरी डिक्शनरी घेऊन केलेलं आहे, ठेवून द्या.

दुसरी तपासणी वर्षाची, आणि ही मी आपल्या भागातल्या पोरांसाठी मुद्दाम गुरुत्वीय लहरींवरून करतो, म्हणजे अवकाशालाच बसणारे जे हादरे औंढ्याचं लायगो पकडणार आहे त्यांच्यावरून. अनुक्रमणिकेत किंवा कृष्णविवराच्या धड्यात शोधा. "गुरुत्वीय लहरी अजून थेट सापडलेल्या नाहीत" असं लिहिलं असेल तर पुस्तक २०१६ च्या आधीचं, कारण पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला सांगितली. कृष्णविवराचं फक्त रंगवलेलं चित्र असेल, खरा फोटो नसेल, तर बहुतेक १० एप्रिल २०१९ च्या आधीचं, त्या दिवशी एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा जाहीर झाली. प्लूटोला नववा ग्रह म्हटलं असेल तर २००६ च्या आधीचं. मला एका दुकानदाराने "नवीन एडिशन आहे सर" म्हणून जो कोश दिला त्यात नऊ ग्रह होते, कव्हर तेवढं नवीन.

पण जुनं म्हणजे टाकाऊ असं नाही हां. गुरुत्वाकर्षण, ग्रहणं, तारकासमूह, ऋतू का होतात, यावरचं तीस वर्षांपूर्वीचं पुस्तकही आज चालतं, आणि वाचनालयात तर तीच असतात. आकडे मात्र जुने होतातच, शनीचे चंद्र मार्च २०२५ मध्ये २७४ झाले, म्हणजे परवा छापलेलं पुस्तकही चुकलेलं असू शकतं. पोरीला मी सांगितलं, आकडा चुकला दिसला की पेन्सिलने बाजूला नवा आकडा आणि वर्ष लिही. तिला हे लई आवडलं, छापील पुस्तकात चूक काढायची म्हणजे काय कमी आहे का!

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुठलंही एक विधान घ्या आणि बघा, "हे कशावरून कळलं" ते पुस्तक सांगतं का. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश, बरं, पण तिथं थर्मामीटर कोणी लावला? चांगलं पुस्तक ताऱ्याच्या रंगावरून तापमान कळतं हे सांगतं, लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल मग पिवळं मग पांढरं होतं तसं. वाईट पुस्तक नुसता आकडा फेकतं. पाठ्यपुस्तकाचा कंटाळा येतो तो बऱ्याचदा याच्यामुळेच, उत्तर आधी छापलेलं असतं आणि प्रश्न धड्याच्या शेवटी. उडत्या तबकड्यांची, "नासाने लपवलेलं सत्य" छापाची पुस्तकंही याच गाळणीत अडकतात, कशावरून कळलं असं विचारलं की त्यांच्याकडे कायम कोणाच्या तरी मित्राने बघितलेलं असतं.

आपल्याकडं याचा झकास नमुना आहे, लोणार. बुलढाण्यात असलं तरी जालन्या-परभणीवाल्यांना एका दिवसात जाऊन येता येतं. बसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, साधारण १.८ किलोमीटर रुंद विवर. याचं वय एका पुस्तकात पन्नास हजार वर्षं दिसेल, दुसऱ्यात पावणेसहा लाख. भाची म्हणाली, "मग खोटं कोण बोलायलंय?" खोटं कोणीच नाही. आघाताने तापलेल्या खडकात शेवटची उष्णता कधी लागली हे एका पद्धतीने मोजलं तेव्हा सुमारे ५२ हजार आलं, आणि पुढे वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार. मोजायची रीत बदलली की उत्तर बदललं. अशी दोन पुस्तकं एकमेकांशी भांडली की ती दोन्ही घरात ठेवावीत.

आता क्रम, म्हणजे आधी काय आणि नंतर काय

पहिलं पुस्तक प्रश्नोत्तरांचं द्या. मोहन आपट्यांची 'मला उत्तर हवंय' ही मालिका मराठीत आहे, त्यातलं अवकाश किंवा खगोलशास्त्राचं घ्या. याचा फायदा हा की कुठूनही उघडता येतं, दोन मिनिटांत एक उत्तर संपतं, आणि पोरीला आपले प्रश्न आधी कोणालातरी पडलेत हे दिसतं. मी काय केलं, कॅलेंडरवरचे अकरा प्रश्न तिच्या हातात दिले आणि म्हटलं, यातले किती सापडतात बघ. ती पुस्तक वाचत नव्हतीच, शोधत होती, आणि शोधताशोधता अधलंमधलं वाचून काढत होती.

दुसरं, गोष्टी. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह. आधी पोरीला लेखकाचीच गंमत सांगा, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, का तर आपल्या नावामुळे बक्षीस मिळायला नको. जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी वाचा. बक्षीस मिळालं!

पण गोष्टींत एक धोका असतो, पोरांना खरं कुठं संपलं आणि कल्पना कुठं सुरू झाली ते कळत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीनंतर वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे "हे खरं आहे", उजवीकडे "हे लेखकाने मानलंय", आणि मधे शंका असेल तर प्रश्नचिन्ह. परीक्षा म्हणून नाही, तिने आणि मी आपापलं लिहायचं आणि मग भांडायचं.

त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' ही गोष्ट आम्हाला दोन दिवस पुरली. त्यात आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटून जाण्याची कल्पना आहे आणि मुळाशी मोबियसची पट्टी आहे. ती घरी करून बघा, बटर पेपरची साधारण ४० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. पारदर्शक प्लास्टिकच्या छोट्या तुकड्यावर मार्करने "क" लिहा आणि तो तुकडा पट्टीवरून न उचलता सरकवत न्या. एक फेरी झाली की तो मूळ जागीच असतो, पण पट्टीच्या पलीकडच्या बाजूला, आणि कागदातून बघितलं तर "क" असा उलटलेला दिसतो की तुकडा जागच्या जागी कितीही फिरवला तरी सरळ होत नाही. भाचीने लगेच पकडलं, "तो मागच्या बाजूला गेला म्हणून उलटा दिसायलाय, त्यात काय?" बरोबर. मग सांगावं लागतं की कागदाला जाडीच नाही असं धर, म्हणजे पुढची आणि मागची बाजू एकच, तिथं राहणाऱ्या "क"ला मागं जायला जागाच नाही. हे तिला लगेच पटलं नाही, रात्री जेवताना पटलं.

तिसरं पुस्तक मोठं, नारळीकरांचंच 'आकाशाशी जडले नाते'. हे पोरांसाठी लिहिलेलं नाही, जाड आहे, आणि पहिल्या पानापासून वाचायला सांगितलंत तर संपलं. अनुक्रमणिका तिच्यापुढे धरायची, तिच्या प्रश्नाचं प्रकरण तिनेच निवडायचं, आणि तेवढंच वाचायचं, शक्यतो कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसून. एक प्रकरण महिनाभर चाललं तरी हरकत नाही.

इंग्रजीचं विचाराल तर लुसी आणि स्टीफन हॉकिंग यांचं 'जॉर्जेस सीक्रेट की टू द युनिव्हर्स' हे २००७ चं पुस्तक, गोष्टीच्या मधेमधे माहितीची पानं. सेमीच्या पोरांना जमतं. पण इंग्रजी सुधारावं म्हणून अवकाशाचं पुस्तक देऊ नका, मग ना इंग्रजी येत ना अवकाश राहतं. विकत घ्यायचं जमत नसेल तर `arvindguptatoys.com` वर मराठी विज्ञानाची ढीगभर पुस्तकं फुकट पीडीएफ आहेत, पण मोबाइलवर वाचायला दिली की वरून नोटिफिकेशन येतं आणि पोरगी व्हिडिओकडे जाते, म्हणून वीस-पंचवीस पानं छापून घ्या.

एक प्रश्न शेवटपर्यंत: औंढ्याचं ते यंत्र

आता तिचा मूळ प्रश्न आम्ही कसा सोडवला ते सांगतो, म्हणजे वरचं सगळं कसं जुळतं ते दिसेल.

झेरॉक्सच्या गठ्ठ्यातल्या आठवीच्या धड्यातून तिला कळलं की कृष्णविवर हे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचं उरलेलं. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातून कळलं की उजेडही सुटत नाही. इथं ती अडली, कारण मग दिसणार कसं हा प्रश्न आणखीनच घट्ट झाला. अशा अडलेल्या जागी उत्तर सांगून टाकायचा मोह होतो, तो आवरा, दोन दिवस अडू द्या. मग मी तिला विचारलं, शेजारच्या वावरात बोअर मारायलेत हे घरात बसून कसं कळतं? "भांडी वाजतात, जमीन हादरते." बोअर दिसली का? नाही. झालं, लायगोही तसंच, ते कृष्णविवर बघत नाही, हादरा पकडतं.

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत शेवटी एकत्र होतात तेव्हा अवकाशालाच ताण आणि दाब बसतो आणि तो लहरींसारखा पसरतो. २०१५ मध्ये पकडलेली लहर सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांची होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं लांबची. यंत्राला काटकोनात दोन हात असतात, प्रत्येक ४ किलोमीटरचा, त्यात लेझरचा किरण जाऊन येतो. लहर आली की एक हात किंचित लांबतो आणि दुसरा किंचित आखडतो, आणि हा किंचितपणा प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही शेकडो पट लहान. इथं भाचीचं पहिलं वाक्य, "मग शेजारून ट्रॅक्टर गेला तर?" याच्यापेक्षा चांगला प्रश्न कुठल्या स्वाध्यायात असतो सांगा. ट्रॅक्टरही हादरवतोच, म्हणून आरसे टांगून ठेवतात, जागा शांत बघतात, आणि मुख्य म्हणजे एकाच यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत. अमेरिकेत दोन आहेत, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटर, दोन्हीकडे तोच हादरा जवळजवळ एकाच वेळी आला तरच तो आकाशातला.

आणि मग औंढ्याला कशाला? डोळे मिटून आवाज कुठून आला ते आपण दोन कानांनी ओळखतो, पण एक कान बंद केला की फसतो. लहर कोणत्या ठिकाणी कधी पोहोचली यावरून ती कुठून आली ते काढतात, आणि लांबवर जितके कान जास्त तितकी दिशा पक्की. हिंगोली जिल्ह्यातलं यंत्र हा आणखी एक कान. केंद्राने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली, खर्च सुमारे २६०० कोटी. ते उभं राहून चालू व्हायला अजून वेळ आहे, तोवर ही पोरगी कॉलेजात असेल.

यातलं सगळं एका पुस्तकात मिळालं नाही, मिळणारही नाही. मोठ्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत लहरी सापडल्याचं नव्हतंच, तिने तिथं पेन्सिलने तारीख लिहिली.

अंतराचा घोटाळा

कुठल्याही पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र मापात नसतं, मापात काढलं तर ग्रह दिसणारच नाहीत. त्यामुळे पोरांना वाटतं मंगळ शेजारच्या गल्लीत आहे. यावर उपाय, ज्वारीचा ४ मिलिमीटरचा दाणा घ्या, ही पृथ्वी. चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, १२ सेंटिमीटरवर. सूर्य ४४ सेंटिमीटरची परात, आणि ती परात ठेवायची ४७ पावलं लांब, पाऊल मीटरभराचं धरून. गुरू म्हणजे लिंबू, परातीपासून पाव किलोमीटरवर. नेपच्यून जवळपास दीड किलोमीटरवर. आम्ही शेतात केलं, लिंबू ठेवायला पोरगी धुऱ्यापर्यंत पळत गेली, नेपच्यून पलीकडच्या गावच्या शिवेत गेला म्हणून सोडून दिला. मग तिने विचारलं, सगळ्यात जवळचा तारा कुठं ठेवायचा? हिशेब केला तर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ खऱ्या पृथ्वीच्या आरपार. हे ऐकून ती थोडा वेळ गप्पच झाली, आणि ती सहसा गप्प होत नसते.

बाहेरची पुस्तकं घेऊन अंगणात गेलात तर

विलायती पुस्तकातला तारानकाशा आपल्याकडे जुळत नाही, आणि पोरगी म्हणते पुस्तक खोटं आहे. कारण साधं आहे, ते नकाशे साधारण ५० अंश अक्षांशासाठी असतात. तिकडे ध्रुवतारा आकाशात निम्म्याहून वर, आपल्या परभणीत मात्र तो क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, म्हणजे उत्तरेला दोन मुठींवर ध्रुवतारा शोधायचा, मधे झाड किंवा घर नको. मृग नक्षत्र तिकडे खाली तिरकं दिसतं, आपल्याकडे जानेवारीच्या रात्री जवळजवळ डोक्यावर येतं. आणि अगस्ती तारा इंग्लंडमधून दिसतच नाही, आपल्याला फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला जेमतेम दोन मुठींवर चकाकताना दिसतो. म्हणून नकाशा घेताना तो कोणत्या अक्षांशाचा ते बघा, १८ ते २० अंशांचा चालेल. नाहीतर `stellarium-web.org` वर आपलं गाव टाकून त्या रात्रीचं आकाश बघायचं, आणि मोबाइल घरात ठेवूनच बाहेर जायचं, स्क्रीन बघितल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पुन्हा वीस मिनिटं लागतात.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे हे विसरा, तेव्हा गोष्टींची पुस्तकं. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत अमावास्येच्या आसपासचा आठवडा धरा. गावाकडं लाइट गेली तर शिव्या घालू नका, गच्चीवर जा.

वाचतेय की नुसती उलटतेय, हे कसं ओळखायचं

"काय वाचलंस सांग" असं विचारू नका, ते तोंडी परीक्षेसारखं होतं. खूण वेगळी असते. पुस्तकातला मुद्दा ती दुसऱ्या कुठल्या गोष्टीला लावते का, ट्रॅक्टरसारखा, ते बघा. आणि कॅलेंडरवरचे प्रश्न बदलतात का ते बघा, "कृष्णविवर केवढं असतं" याच्या जागी "ते वाढतं का, आणि खाऊन संपवलं तर मग काय" आलं की समजायचं पुस्तक लागू पडलं. प्रश्न तेच राहिले तर पुस्तक बदला, तिला दोष नको. एका वेळी घरात एकच नवीन पुस्तक, चार आणली की चारही अर्धवट राहतात.

चाचणीतले मार्क? वीसपैकी तेरा झालेत, पण ते प्रकाशाच्या धड्यावर होते आणि त्यात ताईने रोज बसवून घेतलं त्याचाच भाग जास्त असणार, मी श्रेय घेत नाही.

सध्या कॅलेंडरच्या मागं नवीन प्रश्न आहे, "लहरीचा आवाज ऐकू येतो का?" अवकाशात आवाज नसतो, पण २०१५ च्या त्या लहरीची कंपनं योगायोगाने आपल्या कानाला ऐकू येतील अशाच वेगाची होती, ती स्पीकरवर लावली की सेकंदाच्या पाचव्या भागात खालून वर चढत जाणारा एक हलका "हूप" येतो. ते अजून तिला ऐकवलेलं नाही, ती दोन पुस्तकं घेऊन शोधायलीय.